बॅटरीचे बारा वाजवणारे पाच टक्के

सोलर दिव्याच्या कंट्रोलरवर, घरगुती इन्व्हर्टरवर किंवा एखाद्या हौशी माणसाने आर्डुइनो जोडून केलेल्या बॅटरी-मीटरवर छोटासा पडदा असतो आणि त्यावर १२.४३ असा आकडा झळकत असतो. दशांश चिन्हापुढे दोन आकडे दिसले की बघणाऱ्याला वाटतं, व्होल्टचा शंभरावा भाग दाखवणारं यंत्र चोखच असणार. प्रत्यक्षात त्याच क्षणी बॅटरीच्या टोकांवर ११.५४ व्होल्ट असू शकतात, नाहीतर १३.४१ही असू शकतात. गंमत म्हणजे, या दोन्ही प्रसंगी पेटीतला एकही भाग बिघडलेला नसतो. सगळे भाग दुकानदाराने सांगितलेल्या हमीत चपखल बसतात.

या घोळाचं मूळ दोन स्वस्त रेझिस्टरांत आहे. मायक्रोकंट्रोलरच्या मोजणाऱ्या पायाला शून्य ते पाच व्होल्ट एवढंच झेपतं. बारा व्होल्टची बॅटरी थेट जोडली तर चिप जळून जाईल. म्हणून बॅटरीच्या प्लस आणि मायनसमध्ये दोन रेझिस्टर एकापुढे एक लावतात आणि मधल्या सांध्यावरून तार काढतात. वरचा ३० किलोओमचा, खालचा १० किलोओमचा. एकूण ४०. खालच्याच्या वाट्याला त्यातला चौथा हिस्सा येतो, म्हणून १२ व्होल्टचे सांध्यावर ३ होतात. याला व्होल्टेज डिव्हायडर म्हणतात. पुढे प्रोग्राममध्ये वाचलेल्या आकड्याला चाराने गुणलं की झालं:

```
float v = analogRead(A0) * 5.0 / 1024 * 4.0;
```

या ओळीतला शेवटचा ४.० हा आकडा फार ठामपणे लिहिलेला आहे. रेझिस्टर मात्र तेवढे ठाम नसतात. ३० के म्हणून जो रेझिस्टर दुकानातून आणतो, त्याच्या अंगावर नारिंगी, काळी, नारिंगी अशा तीन पट्ट्या असतात आणि थोडं अंतर सोडून चौथी सोनेरी पट्टी असते. ती सोनेरी पट्टी म्हणजे पाच टक्के टॉलरन्स. कारखानदार एवढंच म्हणतो की हा रेझिस्टर २८.५ ते ३१.५ किलोओमच्या मध्ये कुठेतरी आहे. नेमका कुठे, ते त्याने सांगितलेलं नाही. १० केचा सोनेरी पट्टीवाला तसाच ९.५ ते १०.५ च्या मध्ये. दुकानात २९ के मागितला तर मिळत नाही, कारण २७ केचा वरचा काठ आणि ३० केचा खालचा काठ जवळजवळ भिडतात. पाच टक्क्यांची आखणीच अशी आहे की दहापटीच्या एका टप्प्यात २४ किमती ठेवल्या की बहुतेक सगळी जागा भरते.

आता प्रश्न असा की दोन्ही रेझिस्टर पाच टक्क्यांचे असतील, तर सांध्यावरचं व्होल्टेज किती टक्के चुकेल? वर्गात किंवा वर्कशॉपमध्ये विचारलं तर तीन उत्तरं येतात. कोणी म्हणतं, पाच टक्के, कारण भाग पाच टक्क्यांचे आहेत. कोणी बेरीज करून दहा सांगतं. तिसरा जरा विचार करून म्हणतो की प्रमाणच घ्यायचं आहे ना, मग चुका एकमेकींना खाऊन टाकतील. तिघांच्याही बोलण्यात थोडंथोडं खरं आहे, पण या डिव्हायडरचं उत्तर या तिन्हींपैकी एकही नाही.

हिशेब करून बघू. खालचा रेझिस्टर वाढला की सांध्यावरचं व्होल्टेज वाढतं. वरचा वाढला की ते कमी होतं. ही दोन्ही नाती सरळ एकाच दिशेची आहेत, मध्येच उलटत नाहीत. त्यामुळे सगळ्यात वाईट प्रसंग पट्ट्याच्या मध्ये कुठे दडलेला असेल ही भीती नाही, तो टोकालाच सापडणार. आपल्याला फक्त दोन जोड्या तपासायच्या आहेत. पहिली जोडी, वरचा कमीत कमी आणि खालचा जास्तीत जास्त: २८.५ आणि १०.५. बेरीज ३९. खालच्याचा वाटा १०.५ भागिले ३९, म्हणजे ०.२६९. बॅटरीवर बरोबर १२ व्होल्ट असताना सांध्यावर ३.२३ व्होल्ट. दुसरी जोडी उलटी: ३१.५ आणि ९.५, बेरीज ४१, वाटा ०.२३२, सांध्यावर २.७८ व्होल्ट. अपेक्षा तीनची होती. म्हणजे चूक वरच्या बाजूला ७.७ टक्के आणि खालच्या बाजूला ७.३ टक्के.

दोन्ही रेझिस्टर एकाच दिशेने पाच टक्के सरकले तर? ३१.५ आणि १०.५, बेरीज ४२, वाटा बरोबर पाव. चूक शून्य. तिसऱ्या माणसाचं म्हणणं या एका जोडीपुरतं खरं ठरतं.

साडेसात टक्के हा आकडा कुठून आला, हे समजून घेतलं की पुढच्या वेळी कागद-पेन्सिल न घेताही अंदाज बांधता येतो. समजा वरचा रेझिस्टर एक टक्का वाढला. एकूण चाळिसात त्याचा हिस्सा तीन चतुर्थांश आहे, म्हणून बेरीज पाऊण टक्का वाढते आणि सांध्यावरचं व्होल्टेज पाऊण टक्का उतरतं. आता खालचा एक टक्का वाढवा. त्याचा स्वतःचा आकडा एक टक्का वाढला, पण त्याच्यामुळे बेरीजही पाव टक्का वाढली. पदरात पडला पुन्हा पाऊण टक्का. म्हणजे दोन्ही रेझिस्टरांचं वजन सारखंच आहे, आणि ते वजन म्हणजे वरच्या रेझिस्टरने गिळलेला हिस्सा. पाच टक्के अधिक पाच टक्के, गुणिले पाऊण, बरोबर साडेसात. वर-खालची थोडी तफावत राहते ती या झटपट हिशेबात बारीक पदं सोडून दिल्यामुळे.

हा नियम लावला की पहिली दोन उत्तरं कुठे बरोबर ठरतात तेही कळतं. दोन्ही रेझिस्टर सारखे असतील, म्हणजे व्होल्टेज निम्मं करायचं असेल, तर दहाचे निम्मे पाच. तिथे पहिल्या माणसाचं उत्तर नेमकं बरोबर. घरातल्या २३० व्होल्टच्या विजेचा रेक्टिफायरमागचा ३२५ व्होल्टचा दाब अडीच व्होल्टवर आणायचा असेल, तर वरचा रेझिस्टर जवळजवळ सगळंच गिळतो आणि चूक दहा टक्क्यांच्या आसपास जाते. तिथे दुसरा जिंकतो. उलट पाच व्होल्टचे साडेचार करायचे असतील तर त्याच सोनेरी पट्टीच्या रेझिस्टरांनी चूक जेमतेम एक टक्का होते. भाग तेच, दर्जा तोच. कापणी जितकी खोल, तितकी चूक मोठी. पाच टक्क्यांचा रेझिस्टर चांगला की वाईट, हा प्रश्न म्हणूनच नुसता विचारता येत नाही.

टोकं तपासण्याची ही रीत सगळीकडे डोळे झाकून चालवू नये. जिथे उत्तर आधी वाढतं आणि मग उतरतं, उदाहरणार्थ लोडला मिळणारी पॉवर, तिथे सगळ्यात मोठा आकडा मध्येच कुठेतरी निघू शकतो. शिवाय भाग वाढले की जोड्या दुपटीने वाढतात: दहा भागांच्या १०२४ जोड्या होतात. साध्या डिव्हायडरला मात्र दोन जोड्या पुरतात. एवढा सोपा हिशेब न करण्याला सबब नाही.

साडेसात टक्के ऐकायला फार वाटत नाहीत. बॅटरीच्या भाषेत मात्र ते फार आहेत. बारा व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीत सहा सेल असतात. सेलमागे १.८ व्होल्ट उरले, म्हणजे एकूण १०.८ झाले, की दिवा बंद करायचा असं कंट्रोलरला सांगितलेलं आहे असं धरू. १०.५च्या खाली ओढली तर प्लेटांवर सल्फेट साचत जातं आणि बॅटरीची ताकद कायमची घटते. कंट्रोलरच्या लेखी १०.८ म्हणजे सांध्यावर २.७ व्होल्ट. पण ज्या पेटीत वाटा ०.२६९ आहे, तिथे सांध्यावर २.७ येतात तेव्हा बॅटरी १०.०३ व्होल्टपर्यंत पिळून निघालेली असते. ज्या पेटीत वाटा ०.२३२ आहे, तिथे ११.६५ असतानाच दिवा विझतो. चार्जिंगच्या बाजूला हेच उलट्या बाजूने छळतं. १४.४ व्होल्टला चार्जिंग थांबवायचं ठरवलं असेल, तर एका पेटीत ते १३.३७लाच थांबतं आणि बॅटरी कधी पुरती भरतच नाही, दुसरीत १५.५४पर्यंत चालू राहतं, पाण्याचा वायू होऊन उडतो आणि सीलबंद बॅटरी असेल तर पाणी वरून टाकायचीही सोय नसते.

आता हे दुरुस्तीला आलेल्या माणसाच्या जागेवरून बघा. एका गिऱ्हाइकाची तक्रार, दिवा रात्री लवकर जातो. दुसऱ्याची तक्रार, वर्षभरात बॅटरी मेली. डिझाइन एक, प्रोग्राम एक. कारागीर रेझिस्टर काढून मोजतो: ३१.२ आणि ९.६. दोन्ही सोनेरी पट्टीच्या हमीत. मग तो बॅटरीला दोष देतो, नाहीतर पॅनेलला, आणि बोर्ड बदलून देतो. बदललेला बोर्ड दुसऱ्या बाजूला झुकलेला असला तर तक्रार बदलते, एवढंच. खरी तपासणी अशी करावी: बोर्डला बॅटरीऐवजी बेंच सप्लायचे नेमके १२.०० व्होल्ट द्यावेत आणि सांध्यावर मीटर लावावं. आकडा २.७८ ते ३.२३च्या मध्ये असेल तर कुठलाही भाग सदोष नाही, दोष कागदावरच्या डिझाइनमध्ये आहे. त्याच्या बाहेर असेल तरच रेझिस्टर किंवा टाका संशयित धरावा. साध्या डिजिटल मीटरचा आतला रोध साधारण १० मेगाओम असतो, त्यामुळे इतक्या लहान रेझिस्टरांवर मीटर लावल्याने आकडा हलत नाही. डिव्हायडर मेगाओममधल्या रेझिस्टरांचा असेल, तर मात्र मीटर स्वतःच वाटेकरी होऊन बसतं.

इथे एक रास्त आक्षेप येतो. दोन्ही रेझिस्टर नेमके विरुद्ध टोकांना असण्याची शक्यता ती किती? किमती पट्ट्यात सारख्या विखुरल्या आहेत असं धरलं, तर वरचा चार टक्क्यांच्या पलीकडे वाढलेला असण्याची शक्यता दहात एक, आणि खालचा चार टक्क्यांच्या पलीकडे घटलेला असण्याची दहात एक. दोन्ही एकत्र, शंभरात एक. उलट बाजूची जोडी धरली तर शंभरात दोन. एकच मीटर करणाऱ्याने यावर झोप उडवून घेऊ नये. पण पाचशे पेट्या बनवणाऱ्याच्या हाती या हिशेबाने दहा जवळजवळ टोकाच्या पेट्या येतात, आणि त्या कोणत्या हे विकताना कळत नाही. सरासरीवर समाधान मानायचं की टोकाला धरून चालायचं, हे चूक झाली तर काय जळणार आहे यावर ठरवावं. माझं मत विचाराल तर जिथे बॅटरी, गॅस किंवा आग यांचा संबंध येतो तिथे टोकच धरावं.

शिवाय किमती सारख्या विखुरलेल्या असतात हे गृहीतकही फार विश्वासाचं नाही. एकाच कागदी पट्टीवरचे दहा रेझिस्टर मोजून बघा. ते सहसा एकमेकांच्या बरेच जवळ निघतात आणि सगळे मिळून छापील किमतीच्या एकाच बाजूला झुकलेले असतात. याचा फायदा घेता येतो. ३० केचा वेगळा रेझिस्टर न आणता वर १० केचे तीन आणि खाली एक, असे चारही एकाच पट्टीतून घ्यायचे. इडलीला तीन वाट्या तांदूळ आणि एक वाटी उडीद घेताना वाटी थोडी लहान असली तरी प्रमाण बिघडत नाही, तसंच हे. चारही दोन टक्के कमी असले तर पाव हिस्सा पावच राहतो. पेटी तापली तरी चौघेही जवळपास सारखेच सरकतात, हा वरचा नफा. पण कारखानदाराने याची हमी दिलेली नाही. कागदावरचा टोकाचा आकडा साडेसातच राहतो. युक्ती म्हणून उत्तम, पण करारात लिहून देता येणार नाही.

मग हमखास उपाय काय? पहिला अगदी साधा: सोनेरी पट्टीऐवजी तपकिरी पट्टीचे, एक टक्क्याचे मेटल फिल्म रेझिस्टर. दोन टक्के गुणिले पाऊण म्हणजे दीड टक्का. दिवा बंद होण्याची जागा १०.०३ ते ११.६५ ऐवजी १०.६४ ते १०.९६च्या मध्ये येते. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हे सहज मिळतात आणि किमतीतला फरक बॅटरीच्या किमतीपुढे नगण्य असतो.

दुसरा उपाय म्हणजे प्रीसेट, स्क्रू-ड्रायव्हरने फिरवायचा बदलता रेझिस्टर. पण तो किती मोठा हवा, हेही याच टोकाच्या हिशेबाने ठरतं आणि इथेच अनेक जण अंदाजपंचे काम करतात. पाव हिस्सा हवा असेल तर खालची बाजू वरच्याच्या तिसरा हिस्सा हवी. वरचा २८.५ ते ३१.५ असेल तर खाली ९.५ ते १०.५ किलोओम लागतील. खाली ८.२ केचा कायमचा रेझिस्टर ठेवला तर तोही सोनेरीच, म्हणजे ७.७९ ते ८.६१. उरलेली भर प्रीसेटने घालायची: कमीत कमी ०.८९, जास्तीत जास्त २.७१ किलोओम. दोन केचा प्रीसेट लावला तर काही बोर्ड कधीच जुळणार नाहीत. पाच केचा लावला तर त्याचा स्वतःचा टॉलरन्स वीस टक्के धरूनही तो पुरतो.

तिसरा उपाय प्रोग्राममधला आहे. बोर्डला नेमके १२.०० व्होल्ट देऊन बघायचं आणि ४.० या ठाम आकड्याच्या जागी त्या बोर्डचा स्वतःचा आकडा लिहायचा. याचं खरं मोल वेगळ्याच कारणाने आहे. त्या ओळीत आणखी एक ठाम आकडा आहे, ५.०. आर्डुइनो मोजमापाची पट्टी म्हणून आपला पाच व्होल्टचा सप्लाय वापरतं. तो सप्लाय 7805 रेग्युलेटरमधून येत असेल, तर त्याच्या डेटाशीटमध्ये ४.८ ते ५.२ व्होल्ट अशी मोकळीक आहे, म्हणजे आणखी चार टक्के. सोनेरी रेझिस्टर आणि 7805 दोन्ही टोकाला धरले तर दिवा ९.६३ ते १२.१२ व्होल्टच्या मध्ये कुठेही बंद होईल. रेझिस्टर एक टक्क्याचे केले तरी १०.२१ ते ११.४० उरतातच. इतका वेळ रेझिस्टरांना नावं ठेवली, पण ते सुधारल्यावर मोठा गुन्हेगार 7805 ठरतो. बोर्डगणिक आकडा लिहिला की दोघांचीही चूक एका झटक्यात धुतली जाते. मागे उरते ती तापमानाने आणि वयाने होणारी सरक, आणि ज्या मीटरने जुळवलं त्याची स्वतःची चूक.

तेव्हा बॅटरी-मीटर बनवणार असाल तर एलईडीपुढचा रेझिस्टर खुशाल सोनेरी पट्टीचा ठेवा, तिथे पाच टक्क्यांनी उजेडात फरकही जाणवत नाही. डिव्हायडरचे दोन मात्र तपकिरी पट्टीचे घ्या, प्रत्येक बोर्ड १२.०० व्होल्टवर एकदा जुळवून घ्या, आणि तेवढं करायचं नसेल तर पडद्यावर दशांशापुढे दोन आकडे छापू नका. सोनेरी रेझिस्टर ठेवून जुळवणी न करणाऱ्याला "साधारण बारा" एवढंच म्हणण्याचा अधिकार आहे.